पाण्यात विरघळलेला मध आणि पिवळाधमक गूळ

महाबळेश्वरकडच्या एका ओळखीच्या मधपाळाकडून मी सातेरी माशीच्या मधाची बाटली आणली होती. मामी घरी आल्या, झाकण उघडून वास घेतला आणि पहिलं काम केलं ते काचेच्या पेल्यात पाणी घेण्याचं. त्यात चमचाभर मध सोडला. मध खाली जाता जाता वाटेतच पसरायला लागला, तळाशी पोचेपर्यंत त्याची धूसर शेपटी झाली. "फसवलं तुला," मामी म्हणाल्या. "खरा मध गोळीसारखा तळाला बसतो."

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी 400 ग्रॅम साखर, थोडं पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस एका पातेल्यात घेतला. पातेल्याचं वजन आधीच करून ठेवलं होतं. मंद आचेवर आटवत, मधूनमधून काट्यावर ठेवत, आतला पाक 500 ग्रॅम उरेपर्यंत उकळला. म्हणजे पाकात बरोबर 20 टक्के पाणी. लिंबामुळे साखरेचं काही प्रमाणात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि पाक लवकर बसत नाही. थंड झाल्यावर त्याचा रंग मधासारखाच सोनेरी दिसत होता. मामींसमोर पेल्यात चमचाभर सोडला. गोळी झाली, सरळ तळाला गेली आणि मोत्यासारखी बसून राहिली.

त्या पेल्यांत काय झालं ते कळलं की मधाच्या बहुतेक घरगुती परीक्षांचा उलगडा होतो. पाण्यात मध सोडल्यावर आपण तपासतो फक्त घट्टपणा, आणि घट्टपणा ठरतो आत पाणी किती त्यावर. घट्ट द्रव तळाला बसतो, पातळ पसरतो. तो फुलातून आला की कारखान्यातून, हे पाण्याला कळत नाही. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या मानकात मधात जास्तीत जास्त 20 टक्के पाणी चालतं. माझा पाक नेमका त्या रेषेवर होता. मामींच्या परीक्षेत तो पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाला.

आणि सातेरीचा खरा मध नापास का झाला? सातेरी म्हणजे आपल्या सह्याद्रीतली पेटीत राहणारी देशी माशी. दमट हवेत तिच्या मधात पाणी जास्त राहतं, कधी 20 टक्क्यांच्या वरही जातं. त्यातही पोळ्यातली घरं माशीनं मेणानं बंद करायच्या आधीच मध काढला, तर तो आणखी पातळ असतो. मधपाळ त्याला कच्चा मध म्हणतात, मेणानं बंद झालेला तो पिकलेला. गंमत म्हणजे आता शहरात 'रॉ हनी' हे मोठ्या कौतुकाचं लेबल झालं आहे आणि काही विक्रेते त्याचं भाषांतर 'कच्चा मध' असं करतात. पोळ्यावर काम करणाऱ्याला विचारलं तर कच्चा मध हा दोष आहे. तो आंबतो, बाटलीत फेस धरतो, झाकण उघडताना फुस्स करतो. तो अस्सल असू शकतो, पण टिकाऊ नसतो. शुद्ध असणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भेसळ ही तिसरी.

कापसाच्या वातीची परीक्षाही अशीच आहे. मधात बुडवलेली वात पेटली तर मध शुद्ध, तडतडली तर पाणी घातलेलं, असं सांगतात. एफएसएसएआयच्या घरच्या घरी भेसळ ओळखण्याच्या पुस्तिकेतही पाण्याच्या पेल्याची आणि वातीची अशा दोन्ही परीक्षा आहेत. त्या खोट्या नाहीत. कुणी मधात सरळ पाणी किंवा पातळ गुळवणी ओतली असेल तर त्या पकडतात. पण तयार सिरपनं केलेली भेसळ पाण्याची नसते, ते सिरप मधाइतकंच घट्ट असतं. अंगठ्यावरचा थेंब, कागदावरचा डाग, मुंग्या लागतात की नाही, कुत्रा खातो की नाही, या बाकीच्या परीक्षांवर मी वेळ घालवणार नाही. मुंग्या मधाला लागतात, पाकालाही लागतात.

एक गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी, कारण तिच्यापायी खरा मध फेकला जातो. थंडीत बाटलीत मध दाणेदार होतो, तळाशी साखरेसारखा थर बसतो. लोकांना वाटतं साखर घातली होती, ती खाली बसली. होतं असं की मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा मुख्य असतात. ग्लुकोजला पाण्यात विरघळून राहणं कमी जमतं, म्हणून ते स्फटिक होऊन बाहेर पडतं. मोहरीच्या किंवा सूर्यफुलाच्या मधात ग्लुकोज जास्त, तो काही आठवड्यांत बसतो. ज्यात फ्रुक्टोज जास्त तो मध वर्षभर पातळ राहतो. साधारण 14 अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळ्यात झपाट्यानं होतं, म्हणून पुण्या-नाशिकच्या डिसेंबरमध्ये बाटली एका रात्रीत बदलल्यासारखी वाटते. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध परत पातळ होतो. उलटा निष्कर्षही काढू नका. बसला म्हणजे खरा असंही नाही, कारण ग्लुकोज भरपूर असलेलं सिरपही बसतं.

मग प्रयोगशाळा काय करते? इथे थोडं खोलात जायला हवं, कारण लेबलवरच्या अर्ध्या दाव्यांचं मूळ इथे आहे. झाडं हवेतला कार्बन दोन मुख्य पद्धतींनी घेतात. ऊस, मका, ज्वारी यांची एक पद्धत, तिला सी-4 म्हणतात. तांदूळ, गहू, बीट आणि माश्या जिथून मकरंद गोळा करतात ती बहुतेक फुलझाडं यांची दुसरी, सी-3. दोन्ही पद्धतींत जड कार्बनचं प्रमाण किंचित वेगळं राहतं आणि यंत्र ते मोजू शकतं. मधात उसाची किंवा मक्याची साखर मिसळली की आकडा सरकतो. मानकात अशा साखरेची मर्यादा 7 टक्के आहे. भेसळ करणाऱ्यांनी यावर उत्तर शोधलं ते तांदळाच्या सिरपचं. तांदूळ फुलांच्याच गटातला, त्यामुळे कार्बन गप्प राहतो.

2020 च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं हे उघड केलं. त्यांनी 13 ब्रँडचे नमुने घेतले, आधी देशातल्या प्रयोगशाळेत तपासले आणि मग जर्मनीत एनएमआर चाचणीला पाठवले. एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात नमुना ठेवून आतल्या रेणूंचा संपूर्ण आराखडा मिळवणं, आणि तो खऱ्या मधांच्या साठवलेल्या आराखड्यांशी ताडून पाहणं. 13 पैकी 10 ब्रँड त्यात नापास झाले. संस्थेनं मुद्दाम सिरप मिसळून तयार केलेले नमुनेही देशातल्या नेहमीच्या चाचण्यांत पास झाले, त्यात निम्मं सिरप असलेलेही होते. नापास ठरलेल्या मोठ्या कंपन्यांनी निष्कर्ष नाकारले, आपला मध सरकारी मानकांनुसार आहे असं सांगितलं. ते त्यांच्या परीनं बरोबरही असू शकतं, कारण देशातल्या विक्रीच्या मानकात एनएमआरची सक्ती नव्हती. अमेरिकेला निर्यात होणाऱ्या मधासाठी मात्र त्याच वर्षी ऑगस्टपासून ती लागू झाली होती.

त्या यादीतल्या एका बारीक तपशिलाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पास झालेल्या तीन ब्रँडमध्ये सफोला, मार्कफेड सोहना आणि नेचर्स नेक्टर होते, आणि या शेवटच्या ब्रँडच्या दोन नमुन्यांपैकी एकच पास झाला होता. एकच नाव, एकच लेबल, दोन बाटल्या, दोन निकाल. मोठी कंपनी मध स्वतः काढत नाही. ती शेकडो मधपाळांकडून आणि दलालांकडून घेते, एकत्र करते, गाळते, तापवते आणि भरते. म्हणून "अमुक ब्रँड शुद्ध आहे का" हा प्रश्नच थोडा चुकीचा पडतो. उत्तर असतं ते बॅचचं. कुणी 2020 ची ती यादी अजून व्हॉट्सॲपवर पाठवत असेल, तर ती त्या वर्षीच्या त्या बाटल्यांबद्दल आहे, तुमच्या हातातल्या बाटलीबद्दल नाही.

आता लेबल हातात घेऊ. 'शुद्ध' हा शब्द आपल्याला वाटतो तितका मोकळा नाही. 2018 च्या दावे आणि जाहिरातींच्या नियमांनुसार 'शुद्ध' असं लिहायचं तर पदार्थ एकाच घटकाचा हवा, त्यात काही मिसळलेलं नको. पण हाच शब्द ब्रँडच्या नावातच असेल तर वाट वेगळी. तेव्हा कंपनीला लेबलवर लिहावं लागतं की हे फक्त ब्रँडचं नाव किंवा ट्रेडमार्क आहे आणि पदार्थाचं खरं स्वरूप दाखवत नाही. ही ओळ बारीक अक्षरात असते, चष्मा लावून शोधा. 'प्युअर', 'नॅचरल', 'रिअल', 'ओरिजिनल' यांनाही तेच लागू. 'शंभर टक्के' या शब्दाबद्दल तर एफएसएसएआयनं 2025 च्या मे महिन्यात कंपन्यांना स्पष्ट सांगितलं की तो वापरू नका, कारण नियमांत त्याची व्याख्याच नाही.

एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि लोगो यांचा अर्थ इतकाच की विकणारा नोंदलेला आहे, त्याला शोधून काढता येईल. आतल्या मधाला कुणी प्रशस्तिपत्र दिलेलं नाही. तरी तो क्रमांक महत्त्वाचा आहे, कारण ज्या बाटलीवर तोच नाही तिच्याबद्दल तक्रार कुणाविरुद्ध करणार? ॲगमार्क मधासाठी ऐच्छिक आहे. तो असेल तर निदान प्रतवारी झालेली असते. 'एनएमआर टेस्टेड' हे आजकालचं लाडकं वाक्य. ते वाचून मी एकच गोष्ट बघतो. बाटलीवरचा बॅच क्रमांक टाकल्यावर किंवा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर त्याच बॅचचा अहवाल उघडतो का? अहवालावर प्रयोगशाळेचं नाव, तारीख आणि बॅच जुळली तर दाव्यात दम आहे. कोडवरून कंपनीच्या जाहिरातीचं पान उघडत असेल तर तो दावा शाईइतकाच खरा.

एक सूचना इथेच, कारण ती शुद्धतेच्या पलीकडची आहे. बाळाच्या जिभेवर मध लावायची आपल्याकडे पद्धत आहे. वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, कितीही अस्सल असला तरी. मधात काही वेळा बोट्युलिझमचे जिवाणू बीजाणू रूपात असतात, मोठ्यांना ते पचतात, तान्ह्याला नाही. पोळ्यातून समोर काढलेल्या मधातही ते असू शकतात.

गुळाकडे वळताना मधाची सगळी हत्यारं बाजूला ठेवावी लागतात. गूळ उसाचाच, साखरही उसाचीच. कार्बनची युक्ती इथे बोथट होते, कारण दोन्ही सी-4. शिवाय मानक बघा. गुळात पाणी सोडून उरलेल्या वजनात एकूण साखर किमान 90 टक्के आणि त्यातली सुक्रोज किमान 60 टक्के असावी, असं ते सांगतं. दोन्ही मर्यादा खालच्या बाजूच्या. पांढरी साखर म्हणजे जवळपास निव्वळ सुक्रोज. ती काहिलीत ओतली तर गूळ या मर्यादांना आणखी सहज ओलांडतो. साखर घातलेला गूळ कागदावर नापास होण्याऐवजी जास्त चांगला दिसतो.

आणि हे का करतात, तेही हिशोबात आहे. साधारण 10 किलो उसापासून एक किलोच्या आसपास गूळ निघतो. ऊस टनाला साडेतीन हजारांच्या घरात धरला तर एका किलोमागे उसाचेच 35 रुपये गेले. वर चुलवाणाचं जळण, गूळ शिजवणारा गुळव्या, जाळ घालणारा जळव्या आणि बाकीच्या माणसांची मजुरी. घाऊक बाजारात साखर 40 च्या आसपास मिळत असेल आणि गुळाला त्याहून बराच जास्त भाव असेल, तर थोडी साखर टाकून ढेप भराभर वाढवायचा मोह होतो. साखरेनं गूळ कडक होतो, रंग उजळतो, टिकतोही. करवीर भागातले जुने गुऱ्हाळवाले यावर चिडतात, कारण कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच नावाखाली काय काय विकलं जातं ते त्यांना दिसतं.

रंगाची गोष्ट थोडी जवळून पाहू. गुऱ्हाळात रस काहिलीत उकळायला लागला की वर काळपट मळी जमते. ती काढून रस निवळण्यासाठी पूर्वीपासून रानभेंडीच्या देठांचा चिकट रस आणि थोडा चुना वापरतात. रस पाकावर आला की गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळवून बघतो. ती नीट वळली की काहील उतरवून वाफ्यात ओतायची. या पद्धतीनं निघालेला गूळ बदामी ते तांबूस तपकिरी असतो. ग्राहकाला मात्र पिवळाधमक हवा. म्हणून पाकात 'हायड्रोस' टाकतात, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. त्यानं रंगद्रव्यं फिकी पडतात आणि सल्फर डायऑक्साइड मागे राहतो. त्याची मर्यादा एका किलोत 70 मिलिग्रॅम आहे. गुऱ्हाळात हायड्रोस काट्यावर मोजून टाकतात असं मला तरी दिसलेलं नाही. मुठीनं टाकतात.

घरी काय बघता येईल? खाली बसणाऱ्या भेसळीपुरती एक परीक्षा चालते. 100 ग्रॅम गूळ किसून अर्धा लिटर गरम पाण्यात विरघळवा आणि तासभर हलवू नका. मग वरचं पाणी दुहेरी मलमलीतून गाळा, तळाचा गाळ वाळवा आणि काट्यावर ठेवा. न विरघळणाऱ्या गोष्टींची मर्यादा 2 टक्के आहे, म्हणजे इथे 2 ग्रॅम. गाळ तपकिरी आणि तंतुमय असेल तर ती चिपाडाची भुकटी किंवा माती. पांढरा आणि भुकटीसारखा असेल तर त्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. जोरात बुडबुडे आले तर खडूची पूड असण्याची शक्यता दाट. अगदी थोडे आले तर निवळायला वापरलेल्या चुन्याचा अंश असू शकतो, लगेच बोंब मारू नका. खाण्याच्या सोड्याची परीक्षा मात्र घरी जमत नाही. उसाचा रस आम्लधर्मी असतो, सोडा उकळतानाच त्यात खपून जातो, उरलाच तर खूप घातलेला असतो. यूट्यूबवर त्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. स्वयंपाकघरात ते आणण्याइतका हा प्रश्न मोठा नाही.

हायड्रोससाठी नाकावर थोडाफार भरवसा ठेवता येतो. गुळाचा चुरा झाकणाच्या बरणीत घालून वर थोडं गरम पाणी टाका, झाकण लावून दहा मिनिटांनी उघडा. काडेपेटीची काडी विझवल्यासारखा ठसका आला तर गंधक भरपूर आहे. वास आला नाही तर थोडं असेल किंवा नसेलही. मिसळलेली साखर ओळखायची घरगुती परीक्षा नाही. जीभ थोडं सांगते. साखरेचा गूळ नुसता गोड लागतो, मागून येणारी ती मातकट, किंचित खारट चव हरवलेली असते. पण खारटपणा जास्त असला तर तो जमिनीचा, खारवट रानातल्या उसाचा. भेसळीचा नाही.

आणि काळा गूळ म्हणजे सेंद्रिय, हाही आता नवा गैरसमज झालाय. जास्त शिजलेला, शिळ्या उसाचा, जुना होऊन पावसाळ्यात पाणी सुटलेला गूळही काळा पडतो. दुकानदार तोच 'केमिकल फ्री' म्हणून जास्त भावानं विकू शकतो. सेंद्रिय म्हणायचं तर पाकिटावर जैविक भारतचा लोगो हवा, तो नसेल तर रंगाकडे बघून पैसे देऊ नका.

खरंच शंका असेल आणि रक्कम मोठी असेल, समजा लग्नाच्या लाडवांसाठी पन्नास किलो गूळ घेताय, तर एक कायदेशीर वाट आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं 40 वं कलम सामान्य ग्राहकाला शुल्क भरून नमुना विश्लेषकाकडून तपासून घेऊ देतं. अट एवढीच की घेतानाच विक्रेत्याला सांगायचं, "हा मी तपासायला देणार आहे." निकाल विरुद्ध गेला तर भरलेलं शुल्क परत मिळतं. हे वाक्य मी एकदा एका प्रदर्शनात मधाच्या स्टॉलवर म्हणालो. विक्रेत्यानं बाटली शांतपणे माझ्या हातून परत घेतली आणि म्हणाला, "साहेब, ही नको, आतली देतो."

मामींना मी शेवटी दोन्ही पेले चाखायला दिले. पाकवाला त्यांनी लगेच बाजूला सारला. सातेरीची बाटली त्यांनी घरी नेली. महिनाभरानं फोन आला, वर फेस आलाय म्हणून. पाणी जास्त आहे, मी म्हणालो, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. गुळाचा एक प्रयोग मात्र अजून चालू आहे. होळीच्या आधी आणलेल्या पिवळ्या ढेपेचा एक तुकडा मी स्टीलच्या डब्यात तसाच ठेवला होता. आषाढात डबा उघडला तर वरचा थर तपकिरी झाला होता. हायड्रोसनं दाबलेला रंग हवेत हळूहळू परत येतो. सुरीनं खरवडलं तर आतून तो अजून पिवळाच होता.